दोन वेगळ्या चॅटमध्ये एआय साधनाला खरोखर काही आठवते का, हे घरच्या घरी कसे तपासावे?

शुभदा_वाई (धागाकर्ती)

नमस्कार. मी नववी-दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते आणि सराव प्रश्नपत्रिका तयार करताना एका चॅट साधनाची मदत घेते. मागच्या आठवड्यात मी नवे चॅट उघडून सहज विचारले, "मी तुला आठवते का?" त्यावर मी आठवते, आपण प्रश्नपत्रिकांवर काम केले होते, असे अगदी आपुलकीचे उत्तर आले. माझ्या शेजारच्या शिक्षिकेने तिच्या खात्यातून हाच प्रश्न विचारला, तेव्हा मात्र आधीचे काहीही आठवत नाही, प्रत्येक चॅट नव्याने सुरू होते, असे उत्तर आले. साधन एकच आणि उत्तरे दोन.

मला यातले तांत्रिक ज्ञान नाही. परंतु मी त्यात मुलांच्या चुकांविषयी, क्वचित घरच्या अडचणींविषयीही लिहिलेले आहे, त्यामुळे ते पुढच्या चॅटमध्ये सोबत येते की नाही, हे मला नक्की कळायला हवे आहे. साधनाच्या स्वतःविषयीच्या उत्तरावर विसंबून न राहता, सामान्य माणसाला करता येईल अशी एखादी चाचणी कोणी सुचवू शकेल का?

निरंजन_प

शुभदाताई, यासाठी चाचणीची गरजच नाही. या साधनांमागचे मॉडेल, म्हणजे उत्तरे तयार करणारी संगणकीय प्रणाली, एकदा प्रशिक्षण पूर्ण झाले की गोठलेले असते. तुम्ही त्याच्याशी बोलल्याने त्याच्या आत काहीही बदलत नाही. तुमच्या खात्यात आलेले उत्तर ही निव्वळ बनवाबनवी आहे आणि शेजारच्या बाईंना मिळालेले उत्तर खरे आहे. दोन चॅटमध्ये स्मृती असणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे.

तपासनीस

निरंजन, तुमचे पहिले विधान बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. तुम्ही बोललात म्हणून मॉडेल तिथल्या तिथे बदलत नाही, हे मान्य. किंबहुना एकाच चॅटमध्येही त्याला स्वतःहून काही आठवत नसते. तुम्ही दहावा संदेश पाठवता तेव्हा आधीचे नऊ संदेश आणि त्यांची उत्तरे अॅप पुन्हा एकदा मॉडेलपुढे ठेवते, आणि ते सगळे नव्याने वाचून मॉडेल दहावे उत्तर लिहिते. थेट प्रोग्राममधून मॉडेल वापरणाऱ्यांना हे रोज दिसते, कारण आधीचे संदेश आपणच जोडून पाठवले नाहीत तर त्याला मागचे वाक्यही ठाऊक नसते.

पण शुभदाताई जे वापरतात ते नुसते मॉडेल नव्हे. ते मॉडेलभोवती बांधलेले अॅप आहे आणि अॅपला वही ठेवता येते. चॅटजीपीटीने फेब्रुवारी 2024 मध्ये अशी सोय काही वापरकर्त्यांवर तपासायला सुरुवात केली. तुमच्याविषयीची निवडक वाक्ये वेगळी साठवायची आणि नव्या चॅटमध्ये तुमच्या प्रश्नाआधी ती मॉडेलला वाचायला द्यायची, अशी ती व्यवस्था होती. एप्रिल 2025 मध्ये त्यात जुन्या चॅटमधील मजकुराचा संदर्भ घेण्याची सोय जोडली गेली. म्हणजे मॉडेल गोठलेलेच राहते, पण नव्या चॅटच्या सुरुवातीला त्याच्यासमोर काय ठेवले जाते ते खात्यागणिक आणि सेटिंगगणिक बदलते. त्यामुळे दोन खात्यांत दोन वेगळी उत्तरे मिळण्यात आश्चर्य नाही, आणि दोन्ही उत्तरे खरी असू शकतात, तशीच दोन्ही खोटीही असू शकतात. म्हणूनच चाचणी करावी लागते.

मी सॉफ्टवेअर तपासणीचे काम करतो. सोपी पद्धत आज रात्री सविस्तर लिहितो.

बागायतदार

माझा अनुभवही सांगतो. मी आंब्याच्या फवारणीचे वेळापत्रक एका साधनाकडून करून घेत होतो. सुरुवातीला झाडांची संख्या आणि वये सांगितली होती. पुष्कळ बोलणे झाल्यावर ते झाडांची संख्याच चुकीची धरून हिशेब करू लागले. म्हणजे त्याला काहीही आठवत नाही, हे माझ्या दृष्टीने सिद्धच झाले आहे. वेगळी चाचणी कशाला?

तपासनीस

काका, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो एकाच लांबलेल्या चॅटमधला आहे. मॉडेल एका वेळी किती मजकूर वाचू शकते याला मर्यादा असते. चॅट फार लांबले की सुरुवातीचा भाग त्या मर्यादेबाहेर जातो किंवा मधल्या गर्दीत त्याच्याकडे दुर्लक्ष होते. तुमच्यासाठी उपाय एवढाच की झाडांची संख्या आणि वये अधूनमधून पुन्हा लिहावीत. शुभदाताईंचा प्रश्न वेगळा आहे. एक चॅट बंद करून दुसरे उघडले तर पहिल्यातले काही दुसऱ्यात येते का, हे त्यांना पाहायचे आहे.

आता पद्धत.

चाचणीचा सगळा भार एकाच गोष्टीवर आहे. पहिल्या चॅटमध्ये आपण जी माहिती पेरणार, ती अंदाजाने सांगता येता कामा नये. "माझ्या कुत्र्याचे नाव मोती" असे लिहून दुसऱ्या दिवशी नाव विचारले आणि "मोती" असे उत्तर आले, तर त्यातून काहीच कळत नाही, कारण मराठी घरातल्या कुत्र्याचे नाव विचारल्यावर कोणीही आधी मोतीच म्हणेल. स्वतःच्या मनाने निवडलेला आकडाही टाळावा. माणसे काय किंवा ही मॉडेले काय, "कोणताही आकडा" म्हटले की ठराविक आकड्यांकडेच वळतात. त्यामुळे निवड चिठ्ठ्यांवर सोपवावी. तीस चिठ्ठ्यांवर टि, मो, ळू, झु, पे अशी तीस वेगवेगळी अक्षरे लिहून त्या वाटीत टाका. एक चिठ्ठी उचला, अक्षर लिहून घ्या, चिठ्ठी परत वाटीत टाका, हलवा आणि पुन्हा उचला. असे तीनदा केले की तीन अक्षरी शब्द मिळतो. अशा शब्दांच्या 27,000 शक्यता होतात, त्यामुळे अचूक शब्द योगायोगाने उत्तरात येणे जवळजवळ अशक्य. मिळालेला शब्द खरा मराठी शब्द निघाला तर तो सोडून पुन्हा चिठ्ठ्या उचलाव्यात. शब्द कागदावरच ठेवा. मोबाइलच्या टिपणवहीत लिहून तिथून चिकटवण्याची सवय असेल तर ती इथे नको, नाहीतर दुसऱ्या चॅटमध्ये कीबोर्डच तो शब्द सुचवू लागेल आणि चुकून आपल्याच हातून प्रश्नात जाईल.

असे दोन शब्द तयार करा आणि ते पहिल्या चॅटमध्ये दोन वेगळ्या तऱ्हेने सांगा. एक शब्द बोलण्याच्या ओघात यावा. उदाहरणार्थ, "आमच्या टिमोळू नावाच्या शेळीला पावसाळ्यात कोणता चारा द्यावा?" दुसरा स्पष्ट सूचनेसह सांगा, "माझ्या बहिणीच्या घराचे नाव झुपेळा आहे, हे लक्षात ठेव." ही दोन्ही नावे काल्पनिक असावीत, आणि पासवर्ड किंवा कुलपाच्या क्रमांकासारखे दिसणारे काही वापरू नये, कारण तशी माहिती साधन मुद्दाम साठवत नसेल तर आपल्याला फसवे "नाही" मिळेल. तिसरी गोष्ट अशी ठरवा की जी आपण कधीच सांगणार नाही, जसे मांजराचे नाव. तिचा उपयोग पुढे येईल.

मग ते चॅट सोडा. त्याच चॅटमध्ये खाली लिहीत राहू नका, "नवे चॅट" हे बटण दाबा. पहिला प्रश्न मोकळा असावा, "माझ्याकडे कोणते पाळीव प्राणी आहेत, हे तुला ठाऊक आहे का?" त्यानंतर "माझ्या बहिणीच्या घराचे नाव काय?" आणि शेवटी "माझ्या मांजराचे नाव काय?" मांजराचे नावही ते आत्मविश्वासाने सांगू लागले तर समजावे की ते रिकाम्या जागा भरत आहे. मग "मी तुला आठवते का" या प्रश्नाच्या उत्तराला शून्य किंमत द्यावी. ताई, तुम्हाला आलेल्या आपुलकीच्या उत्तराची अडचण नेमकी हीच आहे. "हो" म्हणायला स्मृती लागत नाही. "टिमोळू" म्हणायला मात्र तो शब्द कुठून तरी समोर यावाच लागतो.

एडिसनची_मेधा

तपासनीस यांच्या पद्धतीत एक भर घालते. आमच्या घरी, न्यू जर्सीत, मी आणि माझी लेक एकच खाते वापरत होतो. एक दिवस मला नव्या चॅटमध्ये जीवशास्त्राच्या परीक्षेच्या तयारीविषयी विचारणा झाली आणि मी दचकले, कारण मी त्याविषयी एक अक्षरही लिहिले नव्हते. लेकीने लिहिले होते. त्यामुळे चाचणीच्या काळात खाते दुसऱ्या कोणाच्या हाती नाही ना, हे आधी पाहावे.

शिवाय नव्या चॅटमध्ये आपले नाव घेऊन बोलले म्हणजे आठवले, असे कित्येकांना वाटते. नाव खात्याच्या माहितीतच असू शकते. काही अॅपमध्ये "मी कोण आहे आणि मला कशी उत्तरे हवीत" असे एकदा लिहून ठेवण्याची जागा असते, आणि तिथे भरलेला मजकूर नव्या चॅटला आपोआप जोडला जातो. तो आपणच भरलेला असतो आणि विसरून गेलेलो असतो.

निरंजन_प

वहीचा मुद्दा मला मान्य आहे, चॅटजीपीटीच्या सेटिंगमध्ये "Memory" नावाचा भाग मला आत्ता पाहायला मिळाला. तरीही माझी शंका अशी आहे की नव्या चॅटमध्ये उत्तर "ठाऊक नाही" असे आले, तर स्मृती नाही हे सिद्ध झाले असे धरायचे का?

तपासनीस

नाही, तसे धरता येत नाही. ही चाचणी दोन्ही बाजूंना सारखी मजबूत नाही. अचूक शब्द परत आला तर पहिल्या चॅटमधले काहीतरी दुसऱ्यात पोहोचले हे जवळजवळ निश्चित. तो आला नाही तर एवढेच कळते की या प्रश्नाला, या वेळी, तो समोर आणला गेला नाही. वहीत फक्त निवडक वाक्ये जातात. एखाद्या शेळीचे नाव साठवण्याजोगे वाटले नसेल. जुन्या चॅटचा संदर्भ घेणाऱ्या सोयीत प्रश्नाशी जुळणारा मजकूरच शोधून आणला जात असेल. किंवा पहिले चॅट संपल्यावर त्याची दखल घेतली जायला काही वेळ लागत असेल. म्हणून "नाही" आले तर दुसऱ्या दिवशी नव्याने विचारावे, आणि तेही आणखी एका नव्या चॅटमध्ये.

पण इथे एक खड्डा आहे आणि बहुतेकांची चाचणी त्यातच पडते. दुसऱ्या चॅटमध्ये उत्तर चुकले की माणूस लगेच लिहितो, "अरे, तिचे नाव टिमोळू, कालच सांगितले होते." तेवढ्याने चाचणी बिघडते, कारण आता तो शब्द दुसऱ्या चॅटमध्येही गेला. तिसऱ्या चॅटमध्ये बरोबर उत्तर आले तर ते पहिल्यावरून आले की दुसऱ्यावरून, हे कळायला मार्ग उरत नाही. उत्तर चूक असो वा बरोबर, आपण काहीही न बोलता कागदावर नोंद करावी आणि चॅट बंद करावे. तसेच उत्तरात साधनानेच तो शब्द लिहिला, तर तो शब्द त्या चॅटमध्येही उमटला हे विसरू नये. पुढची फेरी करायची तर नव्या चिठ्ठ्या, नवे शब्द.

शुभदा_वाई

तपासनीस, मनापासून आभार. मी ही चाचणी चॅटजीपीटीच्या माझ्या खात्यावर केली. काय घडले ते क्रमाने लिहिते.

आधी सेटिंगमध्ये जाऊन पाहिले. "Personalization" या भागात "Reference saved memories" आणि "Reference chat history" अशी दोन बटणे होती आणि दोन्ही चालू होती. मी ती कधी चालू केल्याचे मला आठवत नाही. स्वतःविषयी लिहून ठेवण्याची जी जागा मेधाताईंनी सांगितली, ती रिकामी होती. मग स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या टाकून शब्द काढले. पहिला शब्द नि-से-ळा असा आला, दुसरा भो-टु-री. निसेळा ही शेळी झाली आणि भोटुरी हे बहिणीच्या घराचे नाव. चाऱ्याचा प्रश्न ओघात विचारला, घराचे नाव "हे लक्षात ठेव" असे म्हणून सांगितले. दुसऱ्या वाक्यानंतर स्मृतीत नोंद झाल्याची छोटीशी ओळ उत्तराच्या वर दिसली. शेळीच्या वाक्यानंतर तशी ओळ आली नाही.

त्याच संध्याकाळी नवे चॅट उघडले. पाळीव प्राण्यांविषयी काही माहिती नाही, असे उत्तर मिळाले. घराचे नाव "भोटुरी" असे अचूक आले, अगदी ऱ्हस्व-दीर्घासह. मांजराच्या प्रश्नाला ते ठाऊक नसल्याचे उत्तर आले, म्हणजे ते उगाच रिकाम्या जागा भरत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आणखी एक नवे चॅट उघडून फक्त पाळीव प्राण्यांचा प्रश्न विचारला. या वेळी, मी शेळीच्या चाऱ्याविषयी विचारले होते त्यामुळे माझ्याकडे शेळी असावी, असे उत्तर आले. नाव विचारल्यावर मात्र नाव उपलब्ध नसल्याचे सांगितले. हे मला अनपेक्षित होते. शेळी आठवली, पण निसेळा नाही. याला होकार समजायचा की नकार?

शेजारच्या शिक्षिकेच्या खात्यावर मी काहीच पेरले नव्हते. तिथे हेच प्रश्न विचारले तेव्हा ना शेळी आली ना भोटुरी.

तपासनीस

ताई, तुम्ही शेजारच्या खात्यावर केलेली तुलना फार मोलाची आहे. मी ती सुचवायची राहिली होती आणि तिच्यावाचून शेळीचा निकाल लावता आला नसता. "भोटुरी"सारख्या शब्दाला तुलनेची फारशी गरज नसते. पण शेळी ही काही 27,000 पैकी एक अशी गोष्ट नाही, गावाकडच्या माणसाकडे शेळी असेल असा अंदाज कोणीही करू शकेल. जिथे पेरणी केली नव्हती त्या खात्यात शेळी आली नाही, आणि तुमच्या खात्यात ती चाऱ्याच्या संदर्भासह आली, म्हणून मी त्याला होकार समजेन. एकाच वेळी दोन खाती तपासून मिळालेला हा होकार आहे, एवढे ध्यानात ठेवून.

शेळी आली आणि नाव आले नाही, यावरून मला असे वाटते की जुन्या चॅटमधला मजकूर जसाच्या तसा नव्हे, तर सारांशाच्या रूपात समोर आला. आत नेमके काय घडले हे बाहेरून पाहता येत नाही, त्यामुळे हा माझा तर्क आहे. पण तुमच्या दोन तऱ्हांच्या पेरणीतून एक गोष्ट मात्र स्वच्छ दिसली. सांगून साठवलेली नोंद लगेच आणि अक्षरशः परत आली. ओघात गेलेली गोष्ट उशिरा आणि गोळाबेरीज स्वरूपात आली. तुम्ही नुसता एकच शब्द पेरला असता तर "आठवते" किंवा "आठवत नाही" यांपैकी एक अर्धवट निष्कर्ष घेऊन उठला असता.

निरंजन_प

मला हे पटते आहे, पण एक पर्यायी खुलासा नोंदवतो. दुसऱ्या दिवशीच्या प्रश्नात "पाळीव प्राणी" हे शब्द होते. आदल्या संध्याकाळीही तोच प्रश्न होता आणि त्या चॅटमध्ये शेळीचे नाव नव्हते, हे ठीक. पण त्या चॅटमध्ये ताईंनी शेळीचा उल्लेख केला होता का? केला असेल, तर शेळी पहिल्या चॅटवरून आली की दुसऱ्या, हे ठरवता येणार नाही.

शुभदा_वाई

निरंजन, तुमची शंका रास्त आहे. मी ते चॅट पुन्हा उघडून वाचले. त्यात "शेळी" हा शब्द माझ्याकडूनही आला नव्हता आणि उत्तरातही नव्हता. फक्त पाळीव प्राणी, बहिणीचे घर आणि मांजर.

आता पुसण्याचा भाग लिहिते, कारण माझी खरी काळजी तीच होती. आधी पहिले चॅट हटवले, ज्यात भोटुरीची पेरणी होती. नव्या चॅटमध्ये घराचे नाव विचारले. "भोटुरी" हेच उत्तर आले. चॅट यादीतून गेले होते, तरी शब्द शिल्लक होता. मग सेटिंगमधली नोंदींची यादी उघडली, तर तिथे माझ्या बहिणीच्या घराचे नाव भोटुरी असल्याचे एक वेगळे वाक्य इंग्रजीत लिहिलेले होते. त्याच्याच वर, मी दहावीच्या विद्यार्थ्यांना शिकवते आणि प्रश्नपत्रिका मराठीत हव्या असतात, अशीही एक जुनी नोंद होती. म्हणजे पहिल्या दिवशीचे ते आपुलकीचे उत्तर निदान काही अंशी खरे असण्याची शक्यता आहे.

तपासनीस

चॅट हटवल्याने साठवलेली नोंद जात नाही, हे त्या सोयीच्या रचनेतच आहे. नोंद वेगळी असते आणि ती यादीतून वेगळी हटवावी लागते. उलट बाजूनेही तेच. नोंद हटवली आणि ज्या चॅटमध्ये तो शब्द आला होता ते शिल्लक राहिले, तर दुसऱ्या वाटेने तो परत येऊ शकतो. तुमच्या बाबतीत भोटुरी हा शब्द आता किमान तीन ठिकाणी आहे. एक यादीतली नोंद आणि ज्या दोन चॅटमध्ये साधनाने तो उत्तरात लिहिला ती दोन चॅट. तिन्ही काढल्यावरच पुसण्याची चाचणी खरी होईल.

त्यासोबत एक फेरी "Temporary Chat" मध्येही करून पाहा. त्या प्रकारच्या चॅटमध्ये जुन्या नोंदी वापरल्या जात नाहीत आणि नव्या तयारही होत नाहीत, असे कंपनी सांगते. शब्द पुसण्यापूर्वी तिथे घराचे नाव विचारा. वर वही भरलेली असताना तिथे "भोटुरी" आले नाही, तर बटण सांगितल्याप्रमाणे काम करते याचा तुमच्याजवळ स्वतःचा पुरावा राहील.

कायद्याचा_विद्यार्थी

हा धागा वाचताना एक गोष्ट खटकते आहे ती मांडतो. नव्या चॅटमध्ये शब्द परत आला नाही म्हणजे तो कंपनीकडे उरला नाही, असे वाचणाऱ्यांपैकी काहींना वाटेल. या चाचणीतून ते अजिबात कळत नाही. साधन मला उत्तर देताना काय वापरते हा एक प्रश्न, आणि कंपनीच्या सर्व्हरवर काय आणि किती काळ राहते हा दुसरा. "Temporary Chat" चेच उदाहरण घ्या. सुरक्षिततेच्या कारणासाठी त्याची प्रत 30 दिवसांपर्यंत ठेवली जाऊ शकते, असे ओपनएआयने स्वतःच सांगितलेले आहे. आपला मजकूर पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरू द्यायचा की नाही, याचे बटण आणखी वेगळ्या ठिकाणी असते आणि स्मृतीचे बटण बंद केल्याने ते बंद होत नाही. शुभदाताईंची काळजी मुलांच्या माहितीविषयी असेल, तर चिठ्ठ्यांची चाचणी त्यांना अर्धेच उत्तर देते.

बागायतदार

म्हणजे शेवटी मुलांची नावे तिथे लिहूच नयेत, असेच ना?

कायद्याचा_विद्यार्थी

काका, माझे मत तसेच आहे. "विद्यार्थी क" असे लिहिले तरी प्रश्नपत्रिका तितकीच चांगली होते.

शुभदा_वाई

हा मुद्दा मी मान्य करते आणि यापुढे नावे लिहिणार नाही. जुन्या चॅटमध्ये जी गेली आहेत ती शोधून हटवायला सुरुवात केली आहे.

"Temporary Chat" मध्ये घराचे नाव विचारले, तेव्हा ते ठाऊक नसल्याचे उत्तर आले. लगेच साध्या नव्या चॅटमध्ये तोच प्रश्न, त्याच शब्दांत विचारला, तर भोटुरी हजर. त्यानंतर नोंद हटवली, तो शब्द असलेली सर्व चॅट हटवली आणि पुन्हा विचारले. या वेळी नाव आले नाही. पण तुम्हीच वर म्हटल्याप्रमाणे एका नकाराने काही सिद्ध होत नाही, म्हणून काही दिवसांनी पुन्हा विचारणार आहे. "बहिणीच्या घराचे नाव काय" असा थेट प्रश्न आणि "माझ्या नातेवाइकांविषयी तुला काय ठाऊक आहे" असा मोकळा प्रश्न, असे दोन्ही विचारावेत असे मनात आहे.

एडिसनची_मेधा

मोकळा प्रश्न आधी विचारा, ताई. थेट प्रश्नात "बहीण" आणि "घर" हे दोन्ही शब्द तुमच्याकडूनच जातात, मग मोकळ्या प्रश्नाच्या उत्तरात बहिणीचा उल्लेख आला तरी तो तुमच्याच प्रश्नावरून आलेला असेल.

मी जेमिनीवर हीच पद्धत करून पाहते आहे, स्वतंत्र खाते उघडून, म्हणजे लेकीचे काही मध्ये येणार नाही. माझ्यापुढे मात्र एक वेगळी अडचण आहे. ते खाते माझ्या ईमेलशी जोडलेले आहे. एखादा शब्द परत आला तर तो जुन्या चॅटमधून आला की त्याच खात्यातल्या दुसऱ्या एखाद्या सेवेतून, हे कसे वेगळे करायचे?

तपासनीस

शब्द फक्त चॅटमध्येच गेला असेल, ईमेलमध्ये, कॅलेंडरमध्ये किंवा शोधपट्टीत कधीही लिहिला गेला नसेल, तर तो इतर सेवांमधून येण्याचा प्रश्न उद्भवत नाही. म्हणूनच कागदाचा आग्रह धरला होता. उलट, दुसरा एक वेगळा शब्द काढून तो फक्त स्वतःला पाठवलेल्या ईमेलमध्ये लिहा आणि चॅटमध्ये त्याविषयी काहीही सांगू नका. मग नव्या चॅटमध्ये दोन्हींविषयी विचारा. कोणता शब्द परत येतो, यावरून कोणती वाट उघडी आहे ते दिसेल.

निरंजन_प

आणि ज्या अॅपमध्ये चॅट वेगवेगळ्या प्रकल्पांत ठेवता येतात, तिथे काय? एका प्रकल्पात पेरलेला शब्द त्याच प्रकल्पातल्या दुसऱ्या चॅटमध्ये येतो का, आणि प्रकल्पाबाहेर येतो का, या दोन वेगळ्या फेऱ्या कराव्या लागतील असे दिसते. कोणी केल्या आहेत का? नसतील तर मी या रविवारी चिठ्ठ्या काढतो आणि इथेच लिहितो.